‘सुविधा शुल्क’ म्हणजे लाच, हे मराठीत कधी सांगणार?

बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या आचारसंहितेचं मराठी भाषांतर वाईट असतं, यात नवीन काही नाही. बँकेचे फॉर्म, विम्याच्या पॉलिसी, रेल्वेच्या सूचना हे सगळंच आपण वाईट मराठीत वाचत आलो आहोत आणि थोडं हसून पुढे जातो. लाचविरोधी धोरणाच्या बाबतीत मात्र हसून पुढे जाता येत नाही. माझं म्हणणं असं आहे की हे भाषांतर वाईट राहणं कंपनीच्या सोयीचं असतं. त्यातून येणारं बालंट यवतमाळ, पुसद, पांढरकवड्यात फिरणाऱ्या पंधरा-वीस हजार पगाराच्या पोरावर येतं.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला. भाषांतर हा माझा धंदा नाही. पण ज्या पोर्टलवर कर्मचारी असली धोरणं ‘वाचतात’ आणि खाली टिचकी मारून मान्य करतात, तसल्या पोर्टलचं काम करताना शेतीच्या निविष्ठा विकणाऱ्या एका कंपनीचा मराठी मजकूर माझ्यासमोर आला. बियाणं आणि कीटकनाशकं विकणाऱ्या फील्डवरच्या लोकांसाठी तो होता. ‘तू तिकडचाच आहेस ना, जरा नजर टाक’ असं सांगण्यात आलं. नजर टाकली आणि मग ती हटेना.

अशा धोरणांतलं मध्यवर्ती कलम मराठीत साधारण असं उतरतं:

‘कर्मचाऱ्यांनी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षरीत्या, स्वतः वा तृतीय पक्षामार्फत, अनुचित व्यावसायिक लाभ प्राप्त करण्याच्या उद्देशाने कोणत्याही शासकीय अधिकाऱ्यास कोणतीही मूल्यवान वस्तू देऊ करू नये अथवा प्रदान करू नये. सुविधा शुल्काचे प्रदान टाळावे.’

व्याकरणाची चूक नाही. शुद्धलेखन निर्दोष. आता हे वाक्य घेऊन आपण जून महिन्यात दारव्ह्याच्या एखाद्या कृषी सेवा केंद्रात उभे राहू. पेरणी तोंडावर आहे, दुकानात गर्दी आहे, आणि गुणवत्ता नियंत्रणाचा निरीक्षक नमुने घ्यायला आला आहे. कीटकनाशक कायदा १९६८चा. त्याखाली निरीक्षकाला नमुना घेण्याचा अधिकार आहे आणि विक्री काही काळ थांबवण्याचाही. हंगामातले पंधरा दिवस विक्री थांबली तर दुकानदाराचं आणि कंपनीचं त्या तालुक्यातलं वर्ष गेलं. निरीक्षक काहीच मागत नाही. त्याच्यासोबत आलेला माणूस दुकानदाराला बाजूला घेऊन म्हणतो, ‘साहेबाले दूरचा फेरा झाला, डिझेलचं पाहून घ्या.’ दुकानदार कंपनीच्या पोराकडे पाहतो. पोरगं मान हलवतं. दुकानदार दोन हजार देतो आणि पुढच्या महिन्यात कंपनीच्या ‘प्रचार खर्चा’त ते जुळवून घेतो.

या पोराने धोरण मोडलं का? इंग्रजीप्रमाणे मोडलं, आणि एकाच वेळी चार ठिकाणी मोडलं. मराठीप्रमाणे एकाही ठिकाणी मोडलं नाही. कसं ते शब्दाशब्दाने पाहू.

‘मूल्यवान वस्तू’

इंग्रजी कायद्यातल्या शब्दांचा अर्थ ‘ज्याला काहीही किंमत आहे असं काहीही’ असा आहे. मराठीत ‘मूल्यवान वस्तू’ म्हटलं की डोळ्यांसमोर सोन्याची अंगठी येते. बसस्थानकावर ‘आपल्या मूल्यवान वस्तू सांभाळा’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा कुणी डिझेलचा विचार करत नाही. डिझेल, मोबाइलचं रिचार्ज, ढाब्यावरचं बिल, भाच्याला फील्डवर लावून घेणं, घरच्या शेतासाठी दोन पिशव्या बियाणं हे सगळं इंग्रजी शब्दांत बसतं आणि मराठी शब्दांतून गळतं. आपल्या १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यानेही हे स्पष्ट केलेलं आहे. लाभ पैशाचाच असला पाहिजे किंवा पैशात मोजता आला पाहिजे अशी त्यात अट नाही. म्हणजे मराठी भाषांतर इंग्रजी मजकुराच्या मागे आहेच, पण इथल्या कायद्याच्याही मागे आहे.

‘शासकीय अधिकारी’

हा सगळ्यात महागात पडणारा शब्द. मराठीत अधिकारी आणि कर्मचारी हे दोन वेगळे वर्ग आहेत. ‘अधिकारी व कर्मचारी’ असं आपण एका दमात म्हणतो ते म्हणूनच. शिपाई, लिपिक, गाडीचा ड्रायव्हर, चेकपोस्टवरचा माणूस हे कुणाच्याही लेखी अधिकारी नाहीत. तलाठ्याचं पदनाम २०२४मध्ये बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं. म्हणजे शब्दशः वाचलं तर त्याआधी त्याला पैसे दिलेले चालत होते असा अर्थ निघेल. अमेरिकेच्या कायद्यात अधिकाऱ्याबरोबर कर्मचारीही स्पष्ट धरलेला आहे. भारतीय कायद्यात शब्द ‘लोकसेवक’ असा आहे आणि तो बराच रुंद आहे. मराठीत ‘सरकारी किंवा निमसरकारी काम करणारा कुणीही, शिपायापासून मंत्र्यापर्यंत’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो. सरपंच, बाजार समितीचा माणूस, सरकारी बँकेचा माणूस अशी चार उदाहरणं शेजारी दिली की शंकाही उरत नाही. भाषांतरात शब्दाला शब्द ठेवला आणि निम्मी सरकारी यंत्रणा बाहेर राहिली.

‘तृतीय पक्ष’

आमच्याकडे पक्ष म्हणजे निवडणुकीतला. ज्याला कोर्टाचा अनुभव आहे त्याला वादी-प्रतिवादी आठवेल. दुकानदार, ट्रान्सपोर्टवाला, हमाल ठेकेदार, परवान्याची कागदपत्रं फिरवणारा एजंट हे कुणालाच आठवणार नाहीत. आणि लाच जाते ती नेमकी त्यांच्या हातून. आपल्या दारव्ह्याच्या गोष्टीत पैसे दुकानदाराने दिले. पोराने फक्त मान हलवली. इंग्रजी धोरणाप्रमाणे ते देणं कंपनीचं आहे. याला मराठीत फार चांगला शब्द आहे: ‘करवी’. ‘स्वतः द्यायचं नाही आणि कुणाकरवी द्यायचं नाही.’ आणि माहीत असून न पाहण्यालाही शब्द आहे, ‘कानाडोळा’. ‘हेतुपुरस्सर अनभिज्ञता’ असं काहीतरी गुळगुळीत लिहिण्यापेक्षा ‘दुसरा देतोय हे दिसत असताना कानाडोळा करायचा नाही’ एवढं पुरतं.

‘सुविधा शुल्क’

इथे भाषांतर वाईट राहत नाही, उलटं होतं. शुल्क म्हणजे कायदेशीर फी. परीक्षा शुल्क, मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क. आपले सरकार सेवा केंद्रात दाखल्यासाठी जे रीतसर पैसे घेतात तेही शुल्कच. त्याच शब्दाला ‘सुविधा’ जोडून आपण लाचेला रीतसर फीचा गणवेश चढवतो, आणि मग वर ‘टाळावे’ म्हणतो. वाचणाऱ्याला वाटतं की कंपनी खर्च वाचवायला सांगते आहे. इंग्रजी शब्दाचा अर्थ काय? जे काम तो सरकारी माणूस नाही तरी करणारच आहे, ते त्याने लवकर करावं, अडवू नये, म्हणून दिलेली छोटी रक्कम. याला मराठीत ‘चिरीमिरी’ म्हणतात. महाराष्ट्रात हा शब्द न समजणारा माणूस भेटणार नाही. ‘चहापाणी’, ‘फाइलवर वजन ठेवणं’ ही त्याचीच भावंडं.

आता यात कायद्याची एक गाठ आहे आणि ती भाषांतर करणाऱ्याला माहीत हवी. अमेरिकेचा १९७७चा परदेशी लाचविरोधी कायदा असल्या छोट्या रकमांना एक मर्यादित सूट देतो. ब्रिटनचा २०१०चा कायदा देत नाही. भारताचा कायदाही देत नाही. त्यामुळे मूळ इंग्रजी धोरणात ‘टाळावे’ असं गुळमुळीत असलं तरी यवतमाळात त्याचा अर्थ एकच आहे: द्यायची नाही. हे मराठीत तसंच्या तसं गुळमुळीत ठेवणारा भाषांतरकार प्रामाणिक राहतो आणि वाचणाऱ्याला तुरुंगाच्या दिशेने ढकलतो. २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही सरळ गुन्हेगार आहे, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे.

‘करू नये’

आता क्रियापद. ‘करू नये’, ‘टाळावे’, ‘अपेक्षित आहे’ ही मराठीतली पाटीची भाषा आहे. ‘येथे थुंकू नये’ या पाटीखाली काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या भाषेत ‘ऊ नये’ला सुभाषिताचा सूर आहे. खोटे बोलू नये, उपाशीपोटी झोपू नये. हुकूम द्यायचा असेल तर आपण ‘द्यायचं नाही’ म्हणतो. घरात, शेतात, कारखान्यात, सगळीकडे. इंग्रजी धोरणात ‘केलंच पाहिजे’, ‘करावं’ आणि ‘करता येईल’ या तीन पायऱ्या काळजीपूर्वक वेगळ्या ठेवलेल्या असतात. मराठीत तिन्ही ‘करावे’त विरघळतात. त्यावर कर्मणी प्रयोग आला की कर्ताही नाहीसा होतो: ‘भेटवस्तू स्वीकारल्या जाऊ नयेत.’ कुणाकडून? बहुधा भेटवस्तूंकडूनच.

असो. हा सगळा शब्दांचा खेळ वाटत असेल तर एक जुनं प्रकरण सांगतो.

डाऊ केमिकल ही अमेरिकन कंपनी. तिची भारतातली उपकंपनी होती डी-नोसिल क्रॉप प्रोटेक्शन, मुख्यालय मुंबई, धंदा कीटकनाशकांचा. फेब्रुवारी २००७मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने डाऊवर कारवाई केली. आरोप असा होता की १९९६ ते २००१ या काळात डी-नोसिलने भारतातल्या सरकारी लोकांना अंदाजे दोन लाख डॉलर दिले. त्यातले सुमारे ३९,७०० डॉलर केंद्रीय कीटकनाशक मंडळाशी संबंधित एका अधिकाऱ्याला, तीन औषधांची नोंदणी लवकर व्हावी म्हणून, कंत्राटदारांमार्फत गेले. आणि सुमारे ८७,४०० डॉलर गेले राज्यांच्या निरीक्षकांना. हे निरीक्षक नमुना सदोष असल्याचं खोटंच सांगून विक्री थांबवू शकत होते, म्हणून. बहुतेक रकमा प्रत्येकी शंभर डॉलरच्या आतल्या होत्या. डाऊने आरोप मान्यही केले नाहीत आणि नाकारलेही नाहीत, पण ३,२५,००० डॉलर दंड भरला.

आकड्यांकडे नीट पाहा. बड्या अधिकाऱ्याला मिळालेल्या रकमेच्या दुपटीहून जास्त पैसे निरीक्षकांना गेले, आणि तेही शंभर-शंभर डॉलरच्या आत. म्हणजे शेकडो वेळा. शेकडो वेळा कुणीतरी दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन खिशात हात घातला. त्यातल्या प्रत्येकाने मनात म्हटलं असेल, ही काय लाच आहे, चहापाणी आहे. अमेरिकेतल्या कागदावर त्याची बेरीज झाली, तेव्हा ती लाच झाली. धोरण जर कुणासाठी लिहायचं असेल तर ते या शेकडो खिशांसाठी. मुंबईच्या कार्यालयात बसलेल्यांना इंग्रजी येतं.

मग ते असं का लिहिलं जातं? याचं उत्तर ‘हलगर्जीपणा’ असं देऊन मी कंपन्यांना सोडायला तयार नाही.

ब्रिटनच्या कायद्यात कंपनीला एक बचाव आहे: आम्ही लाच रोखण्यासाठी पुरेशी व्यवस्था केली होती, तरी एकाने आमच्या नकळत दिली. २०१८नंतर आपल्या कायद्याच्या कलम ९मध्येही तोच बचाव आला. अमेरिकेचं न्यायखातं कंपन्यांना जे प्रश्न विचारतं त्यातही एक असा आहे, की प्रशिक्षण श्रोत्यांना योग्य अशा स्वरूपात आणि भाषेत दिलं होतं का. म्हणजे मराठी भाषांतर हा कंपनीच्या बचावातला पुरावा आहे. पुरावा अस्तित्वात असावा लागतो. तो कुणाला समजावा लागत नाही, कारण परदेशातला वकील मराठी वाचत नाही. तो विचारतो, ‘मराठीत दिलं होतं?’ हो. ‘सही घेतली होती?’ हो. झालं. लाच सापडली की कंपनी कागद पुढे करते आणि म्हणते, आम्ही याला सांगितलं होतं, ही याची सही. पोराची नोकरी जाते, कदाचित त्याच्यावर गुन्हाही दाखल होतो. त्याला विक्रीचं अशक्य उद्दिष्ट देणारा आणि ‘प्रचार खर्च’ डोळे मिटून मंजूर करणारा वरचा साहेब सुरक्षित राहतो. मराठी जितकं दुर्बोध तितकी ही ढाल मजबूत. सोप्या मराठीत लिहिलं असतं तर पोराने विचारलं असतं, ‘साहेब, मग हा प्रचार खर्च कुठे टाकू?’ आणि या प्रश्नाचं उत्तर कुणाला द्यायचं नाही.

यवतमाळला असल्या कागदांचा अनुभव आहे. कीटकनाशकाच्या डब्यासोबत माहितीपत्रक असलं पाहिजे आणि ते हिंदी, इंग्रजी व प्रादेशिक भाषेतही असलं पाहिजे, असा नियम १९७१पासून आहे. २०१७च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन या एका जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं गेली. शेकडो दवाखान्यात होती. त्याची कारणं अनेक आहेत. एकट्या पत्रकावर मी ते ढकलत नाही. पण ती घडी उलगडून त्या मुंगीएवढ्या अक्षरांत मराठी शोधून पाहा, म्हणजे ‘भाषेत दिलं’ आणि ‘सांगितलं’ यांतलं अंतर कळेल.

भाषांतर बरोबर आहे की नाही हे तपासायची कंपन्यांची एक पद्धत असते, तिच्याबद्दलही बोललं पाहिजे. मराठी मजकूर दुसऱ्या माणसाकडे देऊन त्याचं उलट इंग्रजी करून घेतात आणि मूळ इंग्रजीशी जुळवून पाहतात. ऐकायला शास्त्रशुद्ध वाटतं. पण ‘सुविधा शुल्क’ उलट फिरवलं की हुबेहूब मूळ इंग्रजी शब्द मिळतो. पैकीच्या पैकी गुण. ‘चिरीमिरी’ उलट फिरवली की ‘किरकोळ लाच’ येतं, मूळशी जुळत नाही, शेरा मारून परत. ‘तृतीय पक्ष’ पास, ‘दुकानदाराकरवी’ नापास. म्हणजे ही चाचणी समजण्याची नाही, इंग्रजीची सावली किती गडद पडली आहे ते मोजण्याची आहे. त्यातून पोर्टलवर मजकूर एकेक वाक्य सुटं करून भाषांतराला जातो. प्रत्येक वाक्य आपापल्या चौकटीत. दोन इंग्रजी वाक्यांचं एक मराठी वाक्य करायचं किंवा एकाची चार करायची सोयच नाही. इंग्रजी वाक्याचा सांगाडा मराठीच्या गळ्यात राहतो तो असा.

खरी चाचणी स्वस्त आहे. पाच प्रसंग लिहायचे. वरचा डिझेलचा एक. आरटीओच्या माणसाने गाडी अडवून दोनशे मागितले, तो दुसरा. दाखला लवकर हवा म्हणून खिडकीवर रीतसर जादा फी भरली आणि पावती मिळाली, तो तिसरा. मजकूर वाचायला द्यायचा आणि विचारायचं: चालतं, नाही चालत, विचारावं लागेल? दहा जणांना विचारलं तरी कोणतं वाक्य पडलं ते लगेच दिसतं. तिसऱ्या प्रसंगाला बहुतेकांनी ‘नाही चालत’ म्हटलं तर आपण त्यांना नुसतं घाबरवलं आहे. पहिल्याला ‘चालतं’ म्हटलं तर काहीच सांगितलेलं नाही.

वरचं कलम मी लिहिलं असतं तर असं लिहिलं असतं:

‘सरकारी किंवा निमसरकारी काम करणाऱ्या कुणालाही, शिपायापासून मंत्र्यापर्यंत, आपलं काम व्हावं, लवकर व्हावं किंवा अडलेलं सुटावं म्हणून काहीही द्यायचं नाही. काहीही म्हणजे पैसे, डिझेल, रिचार्ज, जेवणाचं बिल, बियाण्याची पिशवी, नातेवाइकाला नोकरी. रक्कम छोटी असली तरी नाही. चिरीमिरी ही लाचच आहे. देतो म्हणून कबूल करणं हेसुद्धा दिल्यासारखंच आहे. स्वतः द्यायचं नाही, दुकानदाराकरवी, ट्रान्सपोर्टवाल्याकरवी किंवा एजंटाकरवी द्यायचं नाही, आणि दुसरा देतोय हे दिसत असताना कानाडोळा करायचा नाही. सरकारी फी भरायला हरकत नाही. पावती त्या कार्यालयाची असली पाहिजे. कुणी जबरदस्तीने पैसे घेतले तर त्याच दिवशी कंपनीला कळवा आणि सात दिवसांच्या आत पोलिसांकडे किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे तक्रार करा. त्यांचा फोन १०६४.’

शेवटच्या दोन वाक्यांबद्दल. कायद्याने जबरदस्तीने लाच द्यावी लागलेल्याला सूट दिली आहे, पण सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवण्याच्या अटीवर. मी पाहिलेल्या मजकुरात ‘घटनेचा अहवाल नैतिकता कार्यालयास द्यावा’ एवढंच होतं. कंपनीला कळवून पोराची सूट टिकत नाही. कंपनी आपली अंतर्गत चौकशी महिनाभर करत बसली तर सात दिवस तिथेच संपले. इंग्रजीत नाही म्हणून मराठीत नको, असं इथे म्हणणारा माणूस भाषांतर करत नाही, टपाल वाटतो.

भेटवस्तूंचं कलम याहून अवघड आहे, कारण तिथे अडचण शब्दांची नाही, रीतीची आहे. ‘आदरातिथ्य मर्यादित व वाजवी असावे.’ आदरातिथ्य हा आपल्याकडे सद्गुण आहे. दुपारी शेतावर गेलेल्या माणसाला भाकरी खाल्ल्याशिवाय कुणी परत पाठवत नाही, आणि हुरड्याच्या दिवसांत तर बोलवून नेतात. पोळ्याला बैल दारात आणणाऱ्या गड्याला बोजारा द्यायचा असतो. दिवाळीला मिठाई, सत्काराला शाल-श्रीफळ. या सगळ्याला एकाच ‘भेटवस्तू’ शब्दात कोंबून ‘स्वीकारल्या जाऊ नयेत’ म्हटलं की वाचणारा ठरवतो, हे लोक वेडे आहेत. मग तो धोरणाचं काहीच मनावर घेत नाही, भाकरीचंही नाही आणि पाकिटाचंही नाही.

माझ्या मते इथे आपल्याच रीतीचा आधार घ्यावा. लग्नातला आहेर वहीत लिहिला जातो. कुणी किती दिले, सगळ्यांसमोर, नावानिशी. पुढे त्यांच्या घरच्या लग्नात तेवढाच परत जातो. कंपनीचं जे ‘गिफ्ट रजिस्टर’ असतं ते याच वहीचं भावंड आहे. ‘मिळालेली वस्तू आहेरासारखी वहीत लिहा’ हे सांगितलं की नोंद का करायची ते वेगळं समजवावं लागत नाही. जे वहीत लिहायला जीभ अडखळते ते घेऊ नका, हेही ओघानेच कळतं.

पण ही उपमा एका ठिकाणी फसते आणि ते धोरणात सांगावंच लागेल. निरीक्षकाच्या मुलीचं लग्न आहे. कंपनीचा पोरगा जातो, आहेर करतो, वहीत रीतसर नाव लागतं. सगळं उघड, तरी गडबड आहेच, कारण ज्याच्या हातात आपला नमुना आहे त्याला दिलेलं, बदल्यात काही न मागताही, कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं. म्हणून दोन ओळी वेगळ्या हव्यात. ‘दुकानदार, शेतकरी, धंद्यातले ओळखीचे: मिठाई, जेवण चालेल, ठरलेल्या रकमेच्या वर असेल तर विचारा, आणि वहीत लिहा. सरकारी माणूस: लग्नाला जा, अक्षता टाका, आहेर करू नका.’

‘ठरलेल्या रकमे’चंही पाहा. परदेशात पन्नास डॉलरची मर्यादा घालणाऱ्याला ती दोन माणसांच्या जेवणाची किंमत वाटते. रुपयांत ती चार हजारांच्या वर जाते. आमच्याकडे शेतमजुराची दहा-बारा दिवसांची मजुरी. ती ‘नाममात्र’ म्हणून छापणं हा विनोद आहे. भाषांतरकाराने स्वतः आकडा बदलू नये, तो त्याचा अधिकार नाही. पण ‘हा आकडा इथे नाममात्र नाही’ असं लिहून वर पाठवणं हे त्याचंच काम आहे.

आता आक्षेप. वकील म्हणतील, सोपं लिहिलं की अचूकता जाते. जे शब्द वाचणाऱ्याला चुकीच्या ठिकाणी पोचवतात त्यांना अचूक कोणत्या हिशेबाने म्हणायचं? अधिकृत मजकूर इंग्रजीच राहतो हे प्रत्येक धोरणाच्या तळाशी छापलेलं असतं. मग मराठीला वकिलाचा कोट घालण्याचं कारणच उरत नाही. मराठीचे अभिमानी म्हणतील, ‘चिरीमिरी’, ‘चहापाणी’ हे शब्द दस्तऐवजाला शोभत नाहीत. हा आक्षेप मला जास्त लागतो, कारण तो आपल्यातूनच येतो. मराठीतले जिवंत शब्द कागदावर यायच्या लायकीचे नाहीत असं आपण ठरवलं, आणि मग मराठी मागे पडते म्हणून दरवर्षी २७ फेब्रुवारीला हळहळतो. वऱ्हाडीत लिहा असं मी म्हणत नाही. ‘देल्लं’, ‘साहेबाले’ असं कंपनीने लिहिलं तर लोकांना ती थट्टा वाटेल, आणि ती असेलही. लोक पेपर प्रमाण मराठीतच वाचतात. प्रमाण मराठीत सोपं लिहिता येतं, एवढंच.

मराठीही सगळ्यांची घरची भाषा नाही. पुसद-दिग्रसकडे बंजारा, झरी-केळापूरकडे कोलाम आणि गोंड घरांतली मुलं या नोकऱ्यांत आहेत. त्यांना ‘अनुचित व्यावसायिक लाभ’ दोनदा परका आहे. त्यांच्यासाठी तोंडी सांगणंही लागेल, आणि जे मोठ्याने वाचून समजत नाही ते तोंडी सांगताही येत नाही.

तिसरा आक्षेप: परदेशी कंपन्यांनी आम्हाला नीती शिकवू नये. शिकवूच नये. पण कापसाच्याच धंद्यातलं एक उदाहरण आहे. इंडोनेशियात बीटी कापसावरची पर्यावरणाची अट सुटावी म्हणून २००२मध्ये तिथल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला पन्नास हजार डॉलर दिल्याबद्दल मोन्सॅन्टोने २००५मध्ये पंधरा लाख डॉलर भरले. ते पैसे सल्लागाराच्या बिलात लपवले होते. आमचा ‘प्रचार खर्च’, त्यांची ‘सल्ला फी’. दोन्हीकडे शुल्कच. म्हणून त्यांनी नीती शिकवायची नाही, नियम सांगायचा आणि तो दोन्ही बाजूंना सारखा सांगायचा.

मागणी छोटी आहे. सही घेण्याआधी प्रसंगांची चाचणी घ्या आणि दहातले आठ चुकले तर मजकूर बदला, माणसं नाही. तक्रारीचा फोन उचलणारा माणूस मराठी बोलणारा ठेवा. धोरण मराठीत आणि फोनवर मात्र ‘इंग्रजीसाठी एक दाबा’ ही फसवणूक आहे. ‘सूडात्मक कारवाई केली जाणार नाही’ या वाक्याऐवजी लिहा, की तक्रार केली म्हणून तुमची बदली उमरखेडहून गडचिरोलीला होणार नाही, उद्दिष्ट वाढणार नाही, कंत्राट थांबणार नाही, आणि झालं तर अमुक माणसाला या नंबरवर सांगा. आणि कर्मचाऱ्याच्या सहीशेजारी आणखी एक सही हवी: ‘मी याला डिझेलचे पैसे कुठूनही जुळवून घ्यायला सांगणार नाही.’ ती त्याच्या वरच्या साहेबाची. तीही मराठीत.